चित्र तेच, शेजार बदलला

साठी उलटलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र आहे. डोक्याला पांढरी टोपी, तोंड मिटलेले, नजर किंचित उजवीकडे वळलेली. कपाळावर आठी नाही की ओठांवर हसू नाही. मागे नुसती चुन्याची भिंत. इयत्ता नववीच्या एका तासाचे भांडवल म्हणजे हे एक छायाचित्र आणि त्याच्या शेजारी ठेवावयाची तीन साधी चित्रे. गेली काही वर्षे हा तास मी निरनिराळ्या वर्गांत घेत आलो आहे. मुले दिवसभर मोबाइलवर चित्रेच तर पाहतात, मग त्यांना चित्र पाहायला वेगळे काय शिकवायचे, असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी हा तास कसा चालतो ते येथे सविस्तर सांगतो.

वर्गात बाकांच्या चार रांगा असतात. प्रत्येक रांगेला एकेक कागद पालथा वाटला जातो. पहिल्या रांगेच्या कागदावर डावीकडे त्या गृहस्थांचा चेहरा आणि उजवीकडे वाफाळत्या भाताचे ताट. दुसऱ्या रांगेच्या कागदावर तोच चेहरा, पण उजवीकडे रुग्णालयातील रिकामी खाट. तिसरीच्या कागदावर भातुकली मांडून बसलेली चार-पाच वर्षांची मुलगी. चौथ्या रांगेला केवळ चेहरा मिळतो, शेजारची जागा कोरी. गृहस्थांची नजर उजवीकडे असल्यामुळे पहिल्या तीन कागदांवर ते शेजारच्या चित्राकडेच पाहत आहेत असा भास होतो. प्रश्न सर्वांना एकच असतो : या गृहस्थांच्या मनात काय चालले असावे? दोन वाक्ये लिहा. वेळ पाच मिनिटे. शेजारच्या रांगेशी बोलायचे नाही आणि कागद कोणाला दाखवायचा नाही.

मग उत्तरे मोठ्याने वाचली जातात. पहिल्या रांगेत कोणी लिहिलेले असते की त्यांना भूक लागली आहे, पण घरचे कोणी यायचे आहे म्हणून ते थांबले आहेत. दुसऱ्या रांगेतील उत्तरे ऐकताना वर्ग गंभीर होतो : त्यांची पत्नी गेली, त्यांना बोलवत नाही, त्यांनी दुःख आत ठेवले आहे. तिसऱ्या रांगेला नातीचे कौतुक करणारे आजोबा दिसतात. एका मुलाने तर नातीला पाहून त्यांना स्वतःचे बालपण आठवते आहे असे लिहिले होते. ऐकता ऐकता मुलांची चुळबूळ सुरू होते. प्रत्येक रांगेला वाटते की आपल्याला वेगळ्या माणसाचा फोटो मिळाला असणार. मग सर्वांनी कागद वर धरायचे. क्षणभर शांतता होते आणि त्यानंतर वर्गभर हशा.

बहुतेक शिक्षक येथे थांबतात आणि ‘पाहिलेत, चित्रे कशी फसवतात ते’ असे म्हणून फळा पुसतात. माझ्या मते तास येथे सुरू होतो. हशा ओसरल्यावर मी विचारतो : दुःख तुम्हांला चेहऱ्यावरच्या कोणत्या खुणेवरून कळले? बोट ठेवून दाखवा. दुसऱ्या रांगेतील मुले डोळ्यांवर बोट ठेवतात. डोळे पाणावलेले आहेत, असे ती ठामपणे सांगतात. पहिल्या रांगेला त्याच डोळ्यांत पाणी दिसलेले नसते. मग वाद होतो. आमची झेरॉक्स अधिक गडद आली आहे, असाही युक्तिवाद एकदा झाला. तेव्हा दोन रांगांतील मुलांनी आपापले कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरून पाहिले, तर रेषेला रेष जुळली. पाणी कागदावर नव्हते, हे त्या मुलांनी स्वतःच्या हातांनी ताडून पाहिले. मी ते सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेली असती.

चौथ्या रांगेचे उत्तर सर्वांत शेवटी वाचायचे. ती उत्तरे सहसा रुक्ष असतात : आजोबा बसले आहेत, कोणीतरी फोटो काढायला बसवलेले दिसते. वर्ग हसतो, पण चेहरा प्रत्यक्षात जेवढे सांगतो तेवढेच या रांगेने लिहिलेले असते. बाकीच्या तीन रांगांच्या उत्तरांतून चौथीचे उत्तर वजा केले की जे उरते, ते शेजारच्या चित्राने दिलेले असते. हे वजाबाकीचे गणित फळ्यावर मांडून दाखवले की मुलांना चटकन समजते.

ही कल्पना माझी नव्हे. रशियात क्रांतीनंतरच्या वर्षांत, मॉस्कोमध्ये लेव्ह कुलेशोव्ह हा तरुण चित्रपट-दिग्दर्शक शिकवीत असे. त्याने इव्हान मोझ्झुखिन या नामांकित नटाच्या चेहऱ्याचा एक निर्विकार तुकडा घेऊन तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. त्याचा सहकारी पुदोव्किन याने पुढे सांगितल्याप्रमाणे ती दृश्ये तीन होती : सुपाचा वाडगा, शवपेटीतील स्त्री आणि खेळण्याशी खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. सुपाकडे पाहताना तो विचारमग्न वाटला, मृत स्त्रीकडे पाहताना शोकाकुल वाटला आणि मुलीकडे पाहताना हसरा वाटला. प्रत्यक्षात तिन्ही वेळा चेहरा एकच होता. चित्रपटाच्या अभ्यासात याला कुलेशोव्ह परिणाम म्हणतात.

मुलांना ही गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजूही सांगावी. ती मूळ फीत आज उपलब्ध नाही. १९९२ साली अमेरिकेत प्रिन्स आणि हेन्स्ली या दोन अभ्यासकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा असा परिणाम त्यांना आढळला नाही. बहुसंख्य प्रेक्षकांनी चेहऱ्यावर कोणतीच भावना नाही असे सांगितले. नंतरच्या काही प्रयोगांत परिणाम आढळला, पण तो पुदोव्किनच्या वर्णनाइतका नाट्यमय नव्हता. चित्रांच्या फसवेगिरीचा धडा देताना शिक्षकानेच एखादी दंतकथा पक्की म्हणून सांगणे मला बरे वाटत नाही. शिवाय ही माहिती तासाच्या तयारीलाही उपयोगी पडते. परिणाम हमखास घडतोच असे नाही, तो कशावर अवलंबून आहे हे पाहावे लागते.

अनुभवाने असे दिसते की चेहरा ओळखीच्या नटाचा नसावा, कारण मग मुले त्याच्या भूमिका आठवून लिहितात. वर्गातील कोणा विद्यार्थ्याचा तर मुळीच नसावा. नजर कॅमेऱ्यात रोखलेली असेल तर शेजारच्या चित्राशी नाते जुळत नाही. प्रश्न मोकळा हवा. ‘हे दुःखी आहेत का?’ असे विचारले की उत्तर प्रश्नातच देऊन झाले. आणि तास फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कागद वाटताना एखाद्या चौकस मुलाला मागच्या रांगेचा कागद दिसणे. अर्ध्या मिनिटात गुपित वर्गभर होते. म्हणून चारही रांगांसाठी चार मुलांच्या हाती गठ्ठे देऊन एकाच वेळी वाटप करावे.

चित्राच्या शेजारी दुसरे चित्र असते तसे शब्दही असतात. जिझेल फ्रॉइन्ड या छायाचित्रकार बाईंनी आपल्या पुस्तकात स्वतःचा एक अनुभव नोंदवला आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्यांनी पॅरिसच्या शेअरबाजारात एका दलालाची काही छायाचित्रे टिपली. तो कधी हसतमुख, कधी चिंतातुर, हातवारे करणारा असा होता. ‘पॅरिसच्या शेअरबाजारातील क्षणचित्रे’ अशा निरुपद्रवी शीर्षकाने त्यांनी ती अनेक नियतकालिकांना पाठवली. काही काळाने कात्रणे हाती आली. बेल्जियममधील एका पत्राने ती छायाचित्रे बाजार तेजीत असून भाव आकाशाला भिडल्याच्या मथळ्याखाली छापली होती. एका जर्मन पत्राने तीच छायाचित्रे बाजारात घबराट माजून हजारो लोक देशोधडीला लागल्याच्या मथळ्याखाली छापली होती. व्यापारी घरांतील मुले वर्गात असली की हे उदाहरण त्यांना फार आवडते. भाव चढले तरी दलाल ओरडतो आणि उतरले तरी ओरडतो, हे त्यांना घरीच ठाऊक असते.

आता ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तेथे आली होती. मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या आणि त्यांच्याबरोबर चित्रेही फिरत होती. एका चित्रफितीत लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले दिसत आणि त्यांचे अवयव काढून घेतल्याचे एक आवाज सांगे. ती मुले सीरियातील होती. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घूता या भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती मृत्युमुखी पडली होती. आणखी एक चित्रफीत त्या वर्षी देशाच्या निरनिराळ्या भागांत पसरली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. तो कराचीत तयार केलेल्या, पालकांना सावध करणाऱ्या एका जाहिरातपटाचा तुकडा होता. मूळ पटात ते दोघे वळून परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला होता.

मुलांना मी विचारतो : या दोहोंत खोटे चित्र कोणते? पहिल्या धक्क्यात सगळी म्हणतात, दोन्ही. मग थोडा विचार करून एखादी मुलगी म्हणते, सर, चित्र खोटे नव्हते. घूताची मुले खरोखर मेली होती. कराचीतला मुलगा खरोखर उचलला होता, जरी अभिनय म्हणून. रंग बदलला नव्हता, चेहरा चिकटवला नव्हता. पहिल्या चित्राचा गाव आणि साल बदलले होते, दुसऱ्याचा शेवट काढून घेतला होता. एकाच्या शेजारी नको ते आणून ठेवले होते, दुसऱ्याच्या शेजारचे हवे ते उचलून नेले होते. चौथ्या रांगेचा कागद त्यावेळी कोणाच्याच हातात नव्हता. येथे एक दक्षता घ्यावी. ही दृश्ये वर्गात दाखवू नयेत, तोंडी वर्णन पुरे होते. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनावर मृत बालकांचे चित्र एकदा उमटले की त्याखालचा धडा पुसला जातो.

या तासाचा एक धोका आहे आणि तो दुसऱ्याच आठवड्यात दिसू लागतो. मुले प्रत्येक गोष्टीला खोटी म्हणू लागतात. वर्तमानपत्रातले चित्र खोटे, पाठ्यपुस्तकातले खोटे, वडिलांनी दाखवलेले खोटे. असे म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत, उलट हुशार असल्यासारखे वाटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१६ साली शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत मुलांना वेड्यावाकड्या वाढलेल्या डेझीच्या फुलांचे छायाचित्र दाखवले होते. जपानमधील फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेचा हा परिणाम असल्याचा दावा त्याच्याखाली होता. हा सबळ पुरावा आहे का, असा प्रश्न होता. जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी होय म्हटले, कारण चित्र समोर दिसत होते. मला अधिक विचारात पाडणारी गोष्ट पुढची आहे. सुमारे पाव मुलांनी नाही म्हटले, पण त्यांचे कारण असे की यात नुसती फुलेच आहेत, इतर झाडे आणि प्राणी दाखवायला हवे होते. फोटो कोणी काढला आणि तो फुकुशिमाजवळचाच कशावरून, हे त्यांनी विचारले नाही. त्यांचा नकार योग्य होता, पण पाहण्याची रीत होकार देणाऱ्यांचीच होती.

म्हणून दुसऱ्या तासाला मी सहा मथळे आणि सहा छायाचित्रे अशा जोड्या देतो. तीन जोड्या बरोबर असतात, तीन अदलाबदल केलेल्या. गुण उत्तराला नाहीत, कारणाला आहेत. सगळ्या जोड्या खोट्या म्हणणाऱ्याची निम्मी उत्तरे आपोआप बरोबर येतात, पण कारणांच्या रकान्यात त्याला लिहायला काही नसते. एका जोडीत २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुराचा मथळा आणि त्याखाली २०१८ च्या केरळमधील पुराचे छायाचित्र असते. मुले कौलांवर अडखळतात, पण तशी कौले कोकणातही आहेत. नारळाची झाडेही काही सिद्ध करत नाहीत. शेवटी कोणाची तरी नजर अर्ध्या बुडालेल्या दुकानाच्या पाटीवर जाते. अक्षरे गोलाकार आहेत, देवनागरी नाहीत. दुसऱ्या जोडीत त्याच महापुरात पुणे-बेंगळूरु महामार्ग बंद पडून मालमोटारींची लांबच लांब रांग लागल्याचे चित्र असते. ही जोडी खरी आहे. कोल्हापूर-सांगलीबाहेरच्या वर्गांत मात्र तिलाच सर्वाधिक मुले खोटी ठरवतात. एवढा मोठा रस्ता पाण्याखाली कसा जाईल, असे कारण ती लिहितात. आपल्याला अशक्य वाटणे हा पुरावा नव्हे, हे या जोडीवर बोलताना निघते.

कारण शोधण्याचे साधन आज बहुतेक घरांत आहे. मोबाइलवर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय असते. चित्र तेथे दिले की ते पूर्वी कोठे कोठे आले आहे ते दिसते. मुलांना एकच गोष्ट घोकून घ्यायला सांगतो : यादीतील पहिले उत्तर पाहू नका, सर्वांत जुनी तारीख शोधा. पाच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले चित्र कालच्या घटनेचे असूच शकत नाही. चित्रफीत असेल तर ती थांबवून एखाद्या स्पष्ट चौकटीचे चित्र घ्यावे लागते, शक्यतो पाटी, वाहनाचा क्रमांक किंवा इमारत दिसणारे. मात्र या साधनाला मर्यादा आहेत. चित्र आरशासारखे उलटे केले किंवा कडेने बरेच कापले तर शोध चुकतो. कोणाच्या खासगी मोबाइलमधून निघालेले चित्र कोठेच प्रसिद्ध झालेले नसेल तर काहीच सापडत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्रात ते केव्हा आणि कोठे टिपले याची मूळ नोंद सहसा उरलेली नसते. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘खरे आहे’ असे मुले हमखास समजतात. तेव्हा कारणांच्या रकान्यात ‘अजून माहीत नाही’ हे उत्तरही ग्राह्य धरतो, आणि त्यालाही गुण देतो, मात्र काय काय पाहिले ते लिहिले असेल तरच.

तासाचा शेवटचा भाग घरी होतो आणि तो सर्वांत अवघड आहे. चुकीचे चित्र कुटुंबाच्या गटावर पाठवणारे सहसा काका, आत्या किंवा आजोबा असतात. नातवंडाने सर्वांदेखत ‘हे खोटे आहे’ असे लिहिले तर आजोबा चित्र विसरतात आणि अपमान लक्षात ठेवतात. म्हणून मुलांना सांगतो की गटावर काही लिहू नका. मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि ‘आजोबा, हे कुठले असेल हो?’ एवढेच विचारा. एका विद्यार्थिनीने हे करून पाहिले. तिच्या आजोबांनी पुराच्या पाण्यात पोहणाऱ्या मगरीचे चित्र पाठवले होते, आपल्याच तालुक्याचे म्हणून. तिने शेजारी बसून शोध लावला, जुनी तारीख दाखवली. आजोबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, पण कृष्णेत मगरी आहेत की.” ते खरेच होते, सांगलीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले की कारणांच्या रकान्यात आजोबांना किती गुण द्यायचे. वर्गाने चर्चा करून निम्मे दिले.